फोटोतून आलेला टायट्रेशनचा प्रश्न: मिलीमोलच्या हिशेबापासून पीएचच्या वक्रापर्यंत

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न दरवर्षी आकडे बदलून येतो. बारावीच्या आयनिक समतोलाच्या धड्यानंतर प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांनाही तो भेटतोच. हल्ली तो बहुतेक वेळा मोबाइलवर फोटो होऊन येतो, कधी झेरॉक्सच्या फोटोचा फोटो होऊन. एक नमुना घेऊन तो शेवटपर्यंत सोडवू.

फोटोतला मजकूर असा आहे: शंकुपात्रात ०.१२० मोलर ॲसेटिक आम्लाचे २५.० मिलि द्रावण आहे. ब्युरेटमध्ये ०.१०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आहे. आम्लाचा Ka दिला आहे 1.8 × 10⁻⁵. (अ) सोडियम हायड्रॉक्साइड ०, १०.०, १५.०, २५.०, ३०.० आणि ३५.० मिलि घातल्यावर पीएच काढा आणि वक्र काढा. (आ) १५.० मिलि घातल्यानंतरच्या द्रावणात ०.१०० मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १.०० मिलि टाकले तर पीएच किती होईल? (इ) योग्य दर्शक सांगा.

आधी फोटो नीट वाचा

गणिताला हात लावण्याआधी प्रश्न कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घ्या. फोटो मोठा करून एकेक आकडा वाचायचा आणि त्याचे एकक लगेच त्याच्यापुढे लिहायचे. अशा प्रश्नांत चुकलेल्या उत्तरांचे मूळ मला बऱ्याचदा सूत्रात नाही, फोटोत सापडते.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे Ka चा घात. 10⁻⁵ मधला उणे आणि पाच हे छपाईत सर्वांत बारीक असतात, त्यामुळे फोटो जरा हलला की पहिले तेच पुसट होतात. इथे नुसत्या 1.8 वर भिस्त ठेवता येत नाही. ॲसेटिक आम्लाचा Ka 1.8 × 10⁻⁵ असतो आणि फॉर्मिक आम्लाचा 1.8 × 10⁻⁴. भरीस भर म्हणजे अमोनियाचा Kb सुद्धा 1.8 × 10⁻⁵ च आहे. तिन्ही आकडे पाठ्यपुस्तकांत नेहमी भेटणारे. म्हणून घात दिसत नसेल तर आधी पदार्थाचे नाव शोधा, आणि K च्या पायाशी a आहे की b तेही पाहा. नाव ॲसेटिक असेल तर घात उणे पाच. एवढ्याने शंका मिटते.

दुसरी जागा दशांश चिन्हाची. ०.१२० मधला टिंब उडाला तरी १२० मोलर असे कुणी वाचणार नाही, पण ०.१२० आणि ०.०१२० यांत गोंधळ होऊ शकतो. तो पकडायला समतुल्य बिंदूचे आकारमान चटकन काढून बघा. २५.० मिलि गुणिले ०.१२० भागिले ०.१०० म्हणजे ३०.० मिलि. प्रश्नात ३०.० मिलि हा टप्पा आहे आणि त्याच्या नेमक्या निम्म्यावर १५.० मिलि हाही आहे. प्रश्न काढणारा हे दोन बिंदू सहसा मुद्दाम ठेवतो. संहती ०.०१२० असती तर समतुल्य बिंदू ३.० मिलिवर आला असता आणि दिलेले टप्पे निरर्थक ठरले असते. आकडे एकमेकांशी जुळतात, म्हणजे आपण बरोबर वाचले आहे.

तिसरी गोष्ट, फोटोची खालची ओळ. कापल्या गेलेल्या शेवटच्या ओळीत बरेचदा तापमान किंवा Kw असतो. दिसत नसेल तर २५ अंश सेल्सिअस आणि Kw = 1.0 × 10⁻¹⁴ धरा, पण तसे धरल्याचे उत्तरात लिहा.

हिशेब मिलीमोलमध्ये मांडा

मोलर संहतीला मिलिने गुणले की थेट मिलीमोल मिळतात, लिटरमध्ये बदल करत बसावे लागत नाही. सुरुवातीचे आम्ल 25.0 × 0.120 = 3.00 मिलीमोल. पुढचे सगळे टप्पे या ३.०० मधून खर्च होत जाणार आहेत, म्हणून कागदावर त्याला चौकट करून ठेवा.

अभिक्रिया एकच आहे:

```
CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O
```

ही अभिक्रिया जवळजवळ पूर्ण होते. त्यामुळे घातलेला प्रत्येक मिलीमोल हायड्रॉक्साइड एक मिलीमोल आम्ल संपवतो आणि एक मिलीमोल ॲसिटेट तयार करतो. समतोलाचा विचार त्यानंतर करायचा. हा क्रम उलटा केला की गोंधळ झालाच समजा: आधी कोण किती उरले ते ठरवा, मग एकूण आकारमानाने भागून संहती काढा, आणि पीएचचे सूत्र सर्वांत शेवटी वापरा.

pKa एकदाच काढून ठेवू:

```
pKa = 5 − log 1.8 = 5 − 0.255 = 4.745
```

मधल्या पायऱ्यांत ४.७४५ असेच ठेवा, अंतिम पीएच तेवढा दोन दशांश स्थळांपर्यंत द्या.

० मिलि: नुसते दुर्बल आम्ल

अजून बफर नाही. हेंडरसनचे सूत्र इथे चालत नाही, कारण त्यात लागणारे ॲसिटेट आपण अजून तयारच केलेले नाही. आम्ल स्वतः जेवढे विघटित होते तेवढेच हायड्रोजन आयन.

```
[H⁺] = √(Ka × C) = √(1.8 × 10⁻⁵ × 0.120)
     = √(2.16 × 10⁻⁶) = 1.47 × 10⁻³ M
pH = 2.83
```

या वर्गमुळात आपण आम्लाची संहती ०.१२० च राहते असे धरले. ते चालते का, हे लगेच तपासा: 1.47 × 10⁻³ हे ०.१२० च्या सुमारे १.२ टक्के आहे. पाच टक्क्यांच्या आत असेल तर हा शॉर्टकट मान्य असतो. जास्त निघाले तर वर्गसमीकरण सोडवावे लागते.

१०.० मिलि: पहिला बफर

```
घातलेले OH⁻  = 10.0 × 0.100 = 1.00 मिलीमोल
उरलेले आम्ल  = 3.00 − 1.00 = 2.00 मिलीमोल
झालेले ॲसिटेट = 1.00 मिलीमोल
एकूण आकारमान = 25.0 + 10.0 = 35.0 मिलि

[CH₃COOH] = 2.00 / 35.0 = 0.0571 M
[CH₃COO⁻] = 1.00 / 35.0 = 0.0286 M

pH = 4.745 + log(0.0286 / 0.0571)
   = 4.745 − 0.301 = 4.44
```

इथे तुमच्या लक्षात येईल की ३५.० ने दोन्हीकडे भागले आहे, म्हणजे गुणोत्तरात तो छेद कटतो. थेट 1.00 / 2.00 घातले तरी तेच उत्तर येते. मग संहतीच्या ओळी लिहायच्या कशाला? प्रश्नात प्रत्येक संहती दाखवा असे म्हटले असेल तर त्यांना गुण असतात, हे एक कारण. त्याहून मोठे कारण ३०.० मिलिच्या टप्प्यावर आहे. तिथे आकारमान कटत नाही. ज्याला पहिल्यापासून भागायची सवय लागली आहे तो तिथे अडखळत नाही.

या टप्प्यावरच्या दोन चुका नेहमी भेटतात. पहिली, मिलीमोल न काढता प्रश्नातल्या मूळ संहती सूत्रात टाकणे, म्हणजे log(0.100 / 0.120). त्याने पीएच ४.६७ येतो. ही चूक ओळखणे सोपे आहे: अशा रीतीने केले तर १० मिलिला, १५ मिलिला, २५ मिलिला उत्तर तेच राहते, कारण घातलेल्या आकारमानाचा त्यात कुठे संबंधच नाही. दुसरी चूक म्हणजे गुणोत्तर उलटे होणे. मग उत्तर येते ५.०५. इथे आम्ल ॲसिटेटच्या दुप्पट उरले आहे, म्हणून पीएच pKa च्या खालीच असला पाहिजे. उत्तर ४.७४ च्या वर गेले की गुणोत्तर उलटले आहे हे गणित पुन्हा न करताही कळते.

१५.० मिलि: अर्धा रस्ता

```
OH⁻ = 1.50, उरलेले आम्ल = 1.50, ॲसिटेट = 1.50 मिलीमोल
एकूण आकारमान = 40.0 मिलि
[CH₃COOH] = [CH₃COO⁻] = 1.50 / 40.0 = 0.0375 M
pH = 4.745 + log 1 = 4.745 ≈ 4.74
```

गुणोत्तर एक, लॉग शून्य, पीएच म्हणजे pKa. वक्रावरचा हा बिंदू फार उपयोगाचा आहे, शेवटी तो पुन्हा लागेल.

(आ) भाग इथेच सोडवून टाकू. १.०० मिलि हायड्रोक्लोरिक आम्लातून ०.१०० मिलीमोल हायड्रोजन आयन येतात. ते ॲसिटेटला लागतात आणि त्याचे पुन्हा ॲसेटिक आम्ल होते. म्हणजे हिशेब उलट्या दिशेने चालतो:

```
ॲसिटेट = 1.50 − 0.100 = 1.40 मिलीमोल
आम्ल   = 1.50 + 0.100 = 1.60 मिलीमोल
आकारमान = 41.0 मिलि

[CH₃COO⁻] = 1.40 / 41.0 = 0.0341 M
[CH₃COOH] = 1.60 / 41.0 = 0.0390 M
pH = 4.745 + log(1.40 / 1.60) = 4.745 − 0.058 = 4.69
```

पीएच ४.७४ वरून ४.६९, म्हणजे बदल जेमतेम ०.०६ (दोन्ही आकडे गोल करण्याआधीचा फरक). हेच १.०० मिलि आम्ल ४०.० मिलि शुद्ध पाण्यात टाकले असते तर हायड्रोजन आयनांची संहती 0.100 / 41.0 = 2.44 × 10⁻³ M झाली असती आणि पीएच ७ वरून २.६१ वर आला असता. बफर हायड्रोजन आयनांना नाहीसे करत नाही. तो त्यांना ॲसिटेटला जोडून दुर्बल आम्लाच्या रूपात ठेवतो, आणि जोवर ॲसिटेटचा साठा भरपूर आहे तोवर गुणोत्तर फारसे हलत नाही.

२५.० मिलि

```
उरलेले आम्ल = 3.00 − 2.50 = 0.50 मिलीमोल, ॲसिटेट = 2.50 मिलीमोल
आकारमान = 50.0 मिलि
[CH₃COOH] = 0.50 / 50.0 = 0.0100 M
[CH₃COO⁻] = 2.50 / 50.0 = 0.0500 M
pH = 4.745 + log 5 = 4.745 + 0.699 = 5.44
```

१० मिलिपासून २५ मिलिपर्यंत आपण १५ मिलि क्षारक ओतले आणि पीएच फक्त एका एककाने चढला. वक्राचा हाच आडवा पसरलेला भाग बफरचा.

पण या सूत्रालाही मर्यादा आहे. प्रश्नात १.० मिलि असा टप्पा असता तर ॲसिटेट ०.१० आणि आम्ल २.९० मिलीमोल असते, आणि सूत्राने पीएच ३.२८ आला असता. वर्गसमीकरण सोडवले तर खरे उत्तर ३.३३ येते. कारण अगदी सुरुवातीला आम्लाच्या स्वतःच्या विघटनातून येणारे ॲसिटेट आपण तयार केलेल्या ॲसिटेटच्या तुलनेत नगण्य नसते. ॲसिटेट आणि आम्ल यांचे गुणोत्तर साधारण ०.१ ते १० च्या दरम्यान असेल तर अशा संहतींना हे सूत्र निर्धास्त वापरावे.

३०.० मिलि: समतुल्य बिंदू

आता ३.०० मिलीमोल हायड्रॉक्साइड पडले आणि ३.०० मिलीमोल आम्ल संपले. उरले फक्त सोडियम ॲसिटेटचे द्रावण. हेंडरसनच्या सूत्रात आम्लाची संहती शून्य टाकायला गेलात तर कॅल्क्युलेटर एरर दाखवेल, आणि ते योग्यच आहे, कारण हा बफर राहिलेलाच नाही.

ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड मोकळे करतो. म्हणून Ka ऐवजी Kb लागतो.

```
[CH₃COO⁻] = 3.00 / 55.0 = 0.0545 M
Kb = Kw / Ka = 1.0 × 10⁻¹⁴ / 1.8 × 10⁻⁵ = 5.56 × 10⁻¹⁰

[OH⁻] = √(5.56 × 10⁻¹⁰ × 0.0545) = 5.50 × 10⁻⁶ M
pOH = 5.26
pH = 14.00 − 5.26 = 8.74
```

मघाशी म्हटलेला आकारमानाचा मुद्दा तो हाच. ५५.० ने भागायचे राहून गेले आणि ॲसिटेटची संहती ०.१२० धरली तर पीएच ८.९१ येतो. फरक लहान आहे, उत्तर दिसायलाही ठीक वाटते, म्हणून ही चूक सहज निसटते. तिला पकडायचा उपाय एकच: शंकुपात्रात आत्ता किती मिलि द्रव आहे ते प्रत्येक टप्प्यावर लिहिणे.

उत्तर ७ आले नाही म्हणून घाबरू नका. समतुल्य बिंदूला पीएच ७ येतो तो तीव्र आम्ल आणि तीव्र क्षारक यांच्या टायट्रेशनमध्ये. दुर्बल आम्ल आणि तीव्र क्षारक असेल तर तो ७ च्या वरच असतो.

३५.० मिलि: जास्तीचे क्षारक

```
जास्तीचे OH⁻ = 3.50 − 3.00 = 0.50 मिलीमोल
[OH⁻] = 0.50 / 60.0 = 8.33 × 10⁻³ M
pOH = 2.08, pH = 11.92
```

ॲसिटेटपासून येणारे हायड्रॉक्साइड इथे इतके किरकोळ असते की ते सोडून दिले तरी चालते.

वक्र काढताना

दिलेल्या सहा बिंदूंवरून काढलेला वक्र फसवा दिसतो, कारण २५ आणि ३० मिलिच्या मध्ये नेमके काय घडते ते त्यात नाही. मी नेहमी समतुल्य बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे ०.१ मिलिवर एकेक बिंदू घ्यायला सांगते. प्रश्नात मागितलेले नसले तरी घ्या.

```
29.9 मिलि: आम्ल 0.01, ॲसिटेट 2.99 मिलीमोल, आकारमान 54.9 मिलि
           [CH₃COOH] = 1.82 × 10⁻⁴ M, [CH₃COO⁻] = 0.0545 M
           pH = 4.745 + log 299 = 7.22

30.1 मिलि: जास्तीचे OH⁻ 0.01 मिलीमोल, आकारमान 55.1 मिलि
           [OH⁻] = 1.81 × 10⁻⁴ M, pOH = 3.74
           pH = 10.26
```

०.२ मिलि म्हणजे ब्युरेटचे साधारण चार थेंब. तेवढ्यात पीएच ७.२२ वरून १०.२६ वर उडी मारतो. आता आडव्या अक्षावर घातलेले आकारमान आणि उभ्या अक्षावर पीएच घेऊन हे बिंदू मांडा:

```
आकारमान (मिलि)    pH
 0.0            2.83
10.0            4.44
15.0            4.74
25.0            5.44
29.9            7.22
30.0            8.74
30.1           10.26
35.0           11.92
```

जोडताना पट्टी वापरू नका. सुरुवातीला वक्र थोडा चटकन चढतो, मग १५ मिलिच्या आसपास सर्वांत सपाट होतो, २५ नंतर हळूहळू वर वळतो आणि ३० वर जवळजवळ उभा होतो. सुरुवातीचा तो छोटा चढ बरेच जण काढतच नाहीत. पण दुर्बल आम्लाचा वक्र ओळखायची ती पहिली खूण आहे. तीव्र आम्लाच्या वक्रात सुरुवात सपाट असते.

(इ) चे उत्तर या तक्त्यातच आहे. दर्शकाचा रंग बदलण्याचा पल्ला ७.२२ ते १०.२६ या उडीच्या आत बसला पाहिजे. फिनॉल्फ्थॅलिनचा पल्ला साधारण ८.२ ते १०.० आहे, म्हणून तो योग्य. मिथिल ऑरेंजचा पल्ला ३.१ ते ४.४ आहे. आपल्या तक्त्यात १० मिलिलाच पीएच ४.४४ झालेला आहे, म्हणजे दोन तृतीयांश आम्ल शिल्लक असतानाच तो पूर्ण पिवळा होऊन बसेल. ब्रोमोथायमॉल ब्लू ६.० ते ७.६ वाला. त्याचा रंग २८.४ मिलिच्या आसपास सरकायला लागतो आणि थांबायचे नेमके कुठे ते डोळ्याला कळत नाही. उत्तरात नुसते फिनॉल्फ्थॅलिन असे नाव लिहून सोडू नका, उडीचे हे दोन आकडे त्याच्याशेजारी लिहा.

फोटोत वक्रच दिला असेल तर

काही प्रश्नांत आकड्यांऐवजी छापील वक्र असतो आणि Ka काढायला सांगतात. तिथे मागच्या सगळ्या रस्त्याने उलटे जायचे. उभ्या भागाचा मध्य शोधा, त्याचे आकारमान वाचा, त्याच्या निम्म्या आकारमानाला वक्रावरचा पीएच पाहा. तोच pKa.

फोटो तिरका काढलेला असतो ही इथली अडचण. स्क्रीनवर पट्टी ठेवून अंतर मोजले तर अक्ष वाकलेले असल्याने चुकीचे उत्तर येते. त्याऐवजी आलेखाच्या छापील चौकटीच्या रेषा धरून चला, कारण त्या वक्राबरोबरच वाकलेल्या असतात. खालच्या अक्षावरच्या १५ च्या खुणेपासून तीच उभी रेषा धरून वर जा, वक्राला मिळाल्यावर आडव्या रेषेने डावीकडे या.

समजा तिथे पीएच ४.७ आणि ४.८ च्या मध्ये कुठेतरी वाचता आला. मग Ka हा 2.0 × 10⁻⁵ आणि 1.6 × 10⁻⁵ यांच्या दरम्यान आहे. घात उणे पाच हे यातून पक्के होते, त्यामुळे आकडे आणि वक्र दोन्ही दिलेल्या प्रश्नात पुसट घाताची शंका याच रीतीने फेडता येते. 1.8 की 1.7 हे मात्र अशा फोटोवरून ठरत नाही. तेवढी अचूकता प्रश्नात लागत असेल तर मूळ पानाचा सरळ वरून काढलेला फोटो मागवून घ्या.